बावीसवर बांधलेला आवाज

ही गोष्ट मी आजवर कुणाला पूर्ण सांगितलेली नाही. बायकोला नाही, धाकट्या भावाला नाही, आणि ज्यांना सांगायला हवी होती त्या वडिलांना तर नाहीच. वडिलांच्या टीव्हीचा आवाज मी चोरून बांधला. पकडला गेलो तेव्हा नाव बायकोचं घेतलं.

यातली पहिली गोष्ट मी पुन्हा करीन. दुसरीसाठी हे लिहायला बसलोय.

नंदुरबारला माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. तीस वर्षं झाली. डब्यासारखे टीव्ही होते तेव्हापासून सोल्डरिंगचा धूर खातोय. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. त्यांचा धंदा लाऊडस्पीकरचा होता. लग्न, जत्रा, हळदी, निवडणुका. जिथं माणसं जमली तिथं नानांचा भोंगा. मोलगीच्या बाजाराच्या दिवशी जीपच्या टपावर दोन भोंगे बांधून घाट चढायचे, आणि खाली उतरेपर्यंत घसा आणि कान दोन्ही बधिर झालेले असायचे. आयुष्यभर भोंग्याच्या तोंडाशी उभा राहिलेला माणूस. साठीनंतर त्यांना कमी ऐकू येऊ लागलं यात नवल काही नव्हतं. पण ते कधी म्हणाले नाहीत की ऐकू येत नाही. म्हणायचे, "लोकंच आते हळू बोलतस."

बायको दवाखान्यात नर्स आहे. महिन्यातले निम्मे दिवस रात्रपाळी. सकाळी नऊला घरी येते, आंघोळ करते, भाकरीचे दोन घास खाते आणि दहाला मधल्या खोलीत झोपते. आमचं घर पत्र्याचं, खोल्या तीन एका रांगेत. पुढच्या खोलीत नाना आणि त्यांचा टीव्ही. मधे दार म्हणजे एक पडदा. नंतर मी प्लायवुडचं दार बसवलं. त्यानं आवाज अडत नाही, फक्त कोणाचा आवाज आहे ते कळेनासं होतं.

नाना साठवर टीव्ही लावायचे. शंभरपैकी साठ. कीर्तन, कुस्ती, बातम्या, सगळं साठवर. बायको कानात कापूस घालून झोपायची. मी नानांना हेडफोन आणून दिला. त्यांनी तो हातात फिरवून पाहिला, म्हणाले, "हाई बैलले मुसकं घालतस तसं शे," आणि खुंटीला टांगून ठेवला. कानाच्या मशीनचं नाव काढलं तर दोन दिवस जेवताना माझ्याकडं पाठ करून बसले.

बायको मला एवढंच म्हणायची, "अहो, नानांना स्पष्ट सांगा ना. मी सांगू का?"

मी म्हणायचो, "नको, मी सांगतो." सांगितलं कधीच नाही. टीव्ही उघडून त्यातला बिघाड शोधणं मला येतं. बापासमोर बसून बोलणं येत नाही.

मग एका दुपारी वीज गेली. उन्हाळा होता, दुपारची वीज जायचीच. नाना बटण बंद न करता बाहेर निंबाखाली जाऊन बसले. तासाभरानं वीज आली. तो टीव्ही असा होता की वीज गेली तेव्हा चालू असला, तर वीज आल्यावर आपोआप चालू व्हायचा, आणि होता त्याच आवाजावर. केबलचा डबाही तसाच. रिकाम्या खोलीत साठवर एकदम कुस्तीचा आरडाओरडा सुरू झाला. बायको गाढ झोपेतून दचकून उठली, दाराकडं धावली आणि उंबऱ्याला पाय अडकून मनगटावर पडली. मी दुकानातून जेवायला आलो तेव्हा ती ओट्यापाशी मनगटाला बर्फ लावत उभी होती. रडत नव्हती. नाना बाहेरच होते. त्यांना काही ऐकूच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरी आली आणि पर्ससुद्धा खाली न ठेवता म्हणाली, "रात्री मी चुकीची बाटली हातात घेतली होती. पेशंटच्या खाटेपर्यंत गेले. मग लेबल वाचलं."

  त्या दिवशी माझं ठरलं. त्याची मला अजूनही लाज नाही. ज्याला या बाबतीत मला शहाणपण शिकवायचं असेल त्यानं आधी एक महिना रात्रपाळी करावी, आणि मग दिवसा शेजारच्या खोलीत साठवर कुस्ती लावून झोपून दाखवावं.

योगायोग असा की त्याच आठवड्यात व्होल्टेज वरखाली होऊन नानांच्या टीव्हीचा बोर्ड गेला. मी तो दुकानात आणला आणि नवीन बोर्ड घातला. आमच्याकडं मिळणारे हे बोर्ड बहुतेक एकाच साच्याचे असतात. त्यांच्यात कारखान्याचा एक लपलेला मेनू असतो. रिमोटवर ठरावीक चार आकडे दाबले की उघडतो. गिऱ्हाइकाला तो माहीत नसतो, मेकॅनिकला असतो. त्यात एक कलम लॉजसाठी केलेलं असतं. लॉजमधल्या पाहुण्यानं टीव्ही कितीही वाढवला तरी एका आकड्यापुढं जाऊ नये, आणि आदल्या पाहुण्यानं तो कितीवर सोडला असला तरी दुसऱ्यासाठी तो ठरलेल्या आवाजावरच सुरू व्हावा, म्हणून. दोन आकडे भरायचे असतात: जास्तीत जास्त किती आणि सुरू होताना किती. कलम चालू करून बाहेर पडलं की झालं. मेनू पुन्हा दिसत नाही.

आकडे मी हवेतून काढले नाहीत. बायको कामावर आणि नाना निंबाखाली असताना टीव्ही घरी लावला. केबलच्या डब्याचा स्वतःचा आवाज असतो, तो आधी पूर्ण वाढवून ठेवला. नाहीतर पुढं कुणी डबा वाढवला असता आणि माझी मर्यादा वाहून गेली असती. मग प्लायवुडचं दार लावून तिच्या उशीशी कान ठेवून पडलो. पुन्हा उठून आकडा बदलायचा, पुन्हा पडायचं. असं सात-आठ वेळा. बावीसवर शब्द कळत नव्हते, नुसती गुणगुण येत होती. बावीस ठेवला. सुरू होताना दहा. वीज आल्यावर टीव्ही आपोआप चालू होण्याचंही कलम होतं, ते बदलून टाकलं; आता वीज आली की लाल दिवा लागेल, टीव्ही लागणार नाही.

हे सगळं चोख झालं. तीस वर्षांत मी केलेल्या कामांत याच्याइतकं काळजीनं केलेलं दुसरं काम आठवत नाही.

संध्याकाळी नाना बसले. अधिकचं बटण दाबत राहिले. पडद्यावरची हिरवी पट्टी बावीसला येऊन थांबली.

"फुडे जास नई."

मी म्हणालो, "नाना, नवीन बोर्ड आहे. याची पट्टी बावीसचीच असते. बावीस म्हणजे भरलं."

त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं. अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबलं. मग रिमोट मांडीवर ठेवून म्हणाले, "मंग हाऊ आवाज माले पुरस नई. कान गयात का मन्हा?"

इथं मी खरं बोलू शकलो असतो. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "वय झालं ना नाना. होतं असं."

त्यांनी ते मानलं. जो माणूस सगळ्या गावाला हळू बोलता म्हणून बोल लावायचा, तो माझ्या एका शब्दावर बहिरा झाला. पुढच्या चार महिन्यांत ते निंबाखाली बसेनासे झाले, कारण "ऐकू येस नई ते चार मानसंमा कसं बसानं?" खरं म्हणजे त्यांना निंबाखालचं पूर्वीइतकंच ऐकू येत होतं. फक्त आता त्यांचा स्वतःच्या कानांवर विश्वास नव्हता.

आणि एक दिवस मी घरी आलो तर कोपऱ्यातला त्यांचा ॲम्प्लिफायर नव्हता.

या ॲम्प्लिफायरबद्दल सांगायला पाहिजे. करड्या पत्र्याचा, जड, पुढं काळी लांब नाकाची फिरती कळ. त्या कळीच्या वाटेत, सातच्या खुणेवर, नानांनी पत्र्याला भोक पाडून एक खिळा ठोकला होता. कळीचं नाक खिळ्याला अडलं की आवाज तिथंच थांबायचा. लग्नातली दारू प्यायलेली पोरं येऊन कळ पिळायची आणि भोंग्यातले पडदे फाटायचे, म्हणून ही युक्ती. पोरं शिव्या द्यायची. नाना हसून खिळ्याकडं बोट दाखवायचे, "माले नको सांगा, तेले सांगा." आणि दुसरा त्यांचा नियम: कळ शून्यावर आणल्याशिवाय स्विच दाबायचा नाही. मी दहा-अकरा वर्षांचा असताना एका हळदीत तसाच स्विच दाबला होता. भोंगा असा किंचाळला की पाळण्यातलं पोर काळंनिळं होईपर्यंत रडलं. नानांनी सगळ्यांसमोर माझ्या कानाखाली दिली, आणि स्वतः जाऊन त्या पोराच्या आईची माफी मागितली.

म्हणजे जास्तीत जास्त किती आणि सुरू होताना किती, हे दोन्ही धडे माझ्या बापाचेच. मी लॉजच्या मेनूत भरले तेवढंच.

ॲम्प्लिफायर कुठं गेला विचारलं. नाना म्हणाले, "भंगारवालाले दी टाका. जेले ऐकू येस नई, तेन्हा घरमा भोंगा कशाले ठेवाना?"

मी त्याच संध्याकाळी भंगारवाल्याकडं गेलो. त्यानं तांबं काढून पत्रा पुढं पाठवून दिला होता. "तो खिळावाला का?" म्हणाला. त्याला खिळा आठवत होता.

तेव्हाही मी सांगितलं नाही.

मग पावसाळा संपला. मिरची वाळवायच्या पथाऱ्या लागल्या. गावाबाहेर लाल चादरी पसरल्यासारखं झालं आणि वारा फिरला की घराघरांतून शिंका. अशा एका दुपारी मी जेवायला आलो. बायको रात्रपाळी करून आत झोपली होती. नाना टीव्हीसमोर पालथी मांडी घालून बसले होते, रिमोट हातात.

"बठ आठे," म्हणाले.

बसलो. त्यांनी आवाज बावीसवर नेला, टीव्ही बंद केला, चालू केला. दहा. मग तीनवर आणला, बंद केला, चालू केला. दहा. पुन्हा एकदा, शून्यावर आणून. दहा.

"मी जठे सोडस तठे हाई ऱ्हास नई," ते म्हणाले. "खाले सोडा का वर सोडा, दहावरच उठस. तीन दिवसफाईन देखी ऱ्हायनू. बिघडेल यंत्र एवढं नेमानं वागस नई रे. कोनी तरी खिळा ठोकेल शे."

ऐकू कमी येणारा माणूस डोळ्यांनी आवाज तपासत होता. पन्नास वर्षांचा धंदा होता तो.

 त्यांनी टीव्हीच्या मागं हात फिरवला, कडा चाचपल्या. "मन्हा खिळा समदासले दिखे. तुन्हा कोठे शे?"

"आत आहे, नाना. मेनूत."

"मंग मन्हा कान?"

"आहेत तसेच आहेत. आधीपेक्षा गेले नाहीत."

 त्यांनी हळूच विचारलं, कारण आत ती झोपली होती: "कोनी सांगं तुले?"

या प्रश्नाला उत्तर एकच होतं. कुणी सांगितलं नव्हतं. पण माझी नजर त्या प्लायवुडच्या दाराकडं गेली, आणि नजरेमागून तोंडही गेलं. मी म्हणालो, "तिची झोप होत नव्हती ना. तिनंच सांगितलं, बांधून टाका म्हणून. नानांना कळू देऊ नका म्हणाली."

शेवटचं वाक्य कुणी मागितलंही नव्हतं. ते मी वरून घातलं.

नाना म्हणाले, "काढी टाक."

आणि तेव्हा मी म्हणालो, "नाही काढणार."

आयुष्यात बापाला दिलेला हा पहिला नकार.  "नाना, तिच्या हातात माणसांचे जीव असतात. ती झोपली नाही तर कुणाचा तरी जाईल. मशीन लावा, हेडफोन लावा, मी रोज तुमच्या शेजारी बसून काय बोलतात ते सांगतो. पण बावीसच्या पुढं हा टीव्ही जाणार नाही."

त्यांनी टीव्ही बंद केला. ॲम्प्लिफायरवर पूर्वी टाकायचे ती फुलांची चादर ट्रंकेतून काढली आणि टीव्हीवर टाकली. तेव्हापासून तो टीव्ही लागलेला नाही. बायकोची झोप आता उत्तम होते. घरात एवढी शांतता आहे की घड्याळ ऐकू येतं.

नाना मला बोलतात. तिला बोलत नाहीत. तिनं केलेला चहा निवू देतात आणि गार झाला की मोरीत ओततात. ती दोनदा मला म्हणाली, "नाना माझ्यावर का चिडलेत? मी काय केलं?" मी म्हणालो, "वय झालं." तेच वाक्य. एकदा वडिलांना दिलं होतं, आता तिला दिलं.

शेजारची काकू भिंतीवरून म्हणते, "म्हाताराले मुकं करी टाकं का रे तुम्ही नवराबायकोनी?" नानांकडून ऐकून भाऊ सुरतहून फोन करतो आणि म्हणतो, वहिनीला एवढंही सहन होत नाही का. मी ऐकून घेतो. प्रत्येक वेळी शिव्या तिला पडतात आणि मी फोन ठेवून दुसऱ्याच्या टीव्हीचा स्क्रू फिरवतो.

दुकानात मात्र मी बदललो. आता दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक टीव्हीच्या मालकाला तोंडावर विचारतो: घरात तान्हं आहे का, आजारी आहे का, रात्रपाळीचं कुणी आहे का? मर्यादा घालून देऊ? बरेच जण हसतात. तापीकाठचा एक केळीवाला तर म्हणाला, "भाऊ, टीव्ही दुरुस्त करायला दिलाय, शहाणा करायला नाही."

मी म्हणालो, "शहाणा तुम्हीच करा शेठ. मी नुसता आकडा भरतो."

त्याची बायको मागं उभी होती. ती म्हणाली, "भरा हो भाऊ. यांना विचारू नका, मला विचारा." भरला. तरी तिला सांगितलं की घरात वेगळं होम थिएटर असलं तर त्याला ही मर्यादा लागणार नाही, त्याची कळ निराळी. ती म्हणाली, "ते मी कपाटात ठेवलंय, किल्ली माझ्याकडे आहे."

ज्यांना नको त्यांच्या टीव्हीला मी हात लावत नाही. हवा असेल त्यांच्या टीव्हीच्या पाठीवर पांढरी चिठ्ठी डकवतो, जाड शाईनं: जास्तीत जास्त किती, सुरू होताना किती, आणि खाली, "काढायची असेल तर या. घरात सगळ्यांना विचारून या." दिसेल असा खिळा. शेजारचे दुकानदार म्हणतात, हा माणूस गिऱ्हाइकं घालवतोय. जाऊ देत. दुपारी झोपणाऱ्या माणसांना कुणी वाली नसतो. रात्रभर पथाऱ्यांवर राखण करणारे, स्टेशनवरचे, दवाखान्यातले. त्यांच्या बाजूनं मी उभा आहे आणि उभा राहणार.

पण हे सगळं शौर्य दुकानातलं. घरी नानांच्या टीव्हीच्या पाठीला अजून चिठ्ठी नाही. मागच्या आठवड्यात मी ती लिहून खिशात घालून नेली. बावीस, दहा, आणि खाली माझं नाव: बांधणारा मी. नाना पाठ करून पडले होते. बायको कामावर जायला निघाली होती, चपला घालत होती. म्हणाली, "नानांचा चहा झाकून ठेवलाय." मी चिठ्ठी खिशातच ठेवली. ती अजून तिथंच आहे, घामानं शाई पसरलेली.

मर्यादेची माफी मी कुणाची मागणार नाही. ती बरोबर होती.

नानांचं मी एवढंच देणं लागतो: "तिनं मला काहीच सांगितलं नव्हतं, आवाज मी माझ्याच मनानं बांधला, आणि तुमचे कान गेले असं मी खोटं सांगितलं." हे त्यांच्या कानाशी वाकून, मोठ्यानं, ती शेजारी जागी उभी असताना सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.